भरलेलं पान

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका जुन्या मराठी शाळेच्या फाटकाशी एक काळा फळा आहे, आणि त्या फळ्यावर रोज सकाळी सव्वासातला चारुलता मुळ्ये एक ओळ लिहीत. पदानं त्या ग्रंथपाल. फळा काही त्यांच्या कामात बसत नव्हता. बावीस वर्षांपूर्वी चित्रकलेचे सर रजेवर गेले, तेव्हा दोन दिवसांसाठी म्हणून खडू त्यांच्या हातात आला. सर परत आले, खडू मात्र कोणी परत मागितला नाही. वरती मराठी, खाली हिंदी, आणि कोपऱ्यात तारीख. पावसात फळा ओला असला की आधी फडक्यानं पुसायचा, मग वर्तमानपत्रानं वारा घालायचा. याबद्दल बावीस वर्षांत कोणी आभार मानले नव्हते, आणि आता मानले असते तर बाईंना संशयच आला असता.

ओळी त्या तीन ठिकाणांहून घेत. वडिलांची एक जाड वही होती, तिच्यात म्हणी नि सुभाषितं उतरवलेली. दुसरं म्हणजे जुन्या कॅलेंडरांची मागची पानं. तिथेही काही मिळालं नाही तर स्वतः जुळवायच्या. सकाळी सव्वासातला माणूस फार खोल विचार करत नाही. सोमवारी सुट्टीनंतर पोरं सुस्तावलेली असतात म्हणून काहीतरी ढकलणारं लिहायचं, आणि परीक्षा जवळ आली की धीर देणारं. एवढाच त्यांचा हिशेब.

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी त्यांनी स्वतःच जुळवून लिहिलं, 'जो पोचलो म्हणाला, तो तिथेच राहिला.' मंगळवारी अकरावीच्या चाचणीचे निकाल लागायचे होते, म्हणून लिहिलं, 'आहे ते पुरेसं ज्याला म्हणता आलं, तो श्रीमंत.' बुधवारी पहिला तास व्हायच्या आतच मुख्याध्यापिका सुनीता तारे यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि फोन पुढे केला.

पालकांच्या ग्रुपवर फळ्याचे दोन फोटो शेजारी-शेजारी टाकलेले होते. टाकणारे लक्ष्मण देवळे, अकरावीतल्या अनुष्काचे वडील. महूला कॅन्टोन्मेंटच्या कार्यालयात नोकरीला, रोज राजेंद्र नगरहून जाऊन-येऊन करणारे. फोटोंखाली त्यांनी लिहिलं होतं, 'मॅडम, सोमवारचं ऐकायचं का मंगळवारचं, एकदा फायनल सांगून टाका. मुलं घरी आम्हाला फळा दाखवतात.' त्याखाली एकेचाळीस हसरे चेहरे होते.

सुनीता मॅडमना हसू येत नव्हतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शाळा उलटसुलट शिकवते असं दिसायला नको. फाटकाजवळची भिंत नाहीतरी रंगवायची आहे, शनिवारी बंडू पेंटर येणार. तर तिथे एकच कायमची ओळ टाकू, दोन्ही असलेली. महत्त्वाकांक्षाही हवी आणि समाधानही.

"दोन्ही एका ओळीत?" चारुलताबाईंनी विचारलं.

"हां ना. बॅलन्स. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम आहे."

बाई बाहेर आल्या. बावीस वर्षं रोजचं पाच मिनिटांचं काम केलं, तर त्याचे एकूण किती तास होतात, हे मॅडमना विचारावंसं वाटलं होतं.

खरं तर त्यांना लक्ष्मण देवळ्यांचा राग आला होता, आणि जास्त राग याचा, की माणसाचं चुकलेलं नव्हतं. त्यांनी दुपारी वडिलांची वही काढून पाहिली. एका पानावर चढत राहा म्हणणाऱ्या सात म्हणी, पुढच्याच पानावर पाय आवरायला सांगणाऱ्या नऊ. वडिलांनी सगळ्या एकाच शाईत, त्याच श्रद्धेनं लिहून ठेवलेल्या. शेजारी-शेजारी वाचल्या की एकमेकींना खोटं पाडत होत्या. बाईंना पहिल्यांदाच लक्षात आलं, की या म्हणी मुळात शेजारी वाचायच्या नव्हत्याच. प्रत्येक म्हण कोणीतरी कोणालातरी, एका विशिष्ट वेळी म्हटलेली असणार. हातपाय गाळून बसलेल्याला एक, आणि जीव तोडून धावणाऱ्याला दुसरी. समोरचा माणूस होता तोवर ती खरी होती. माणूस काढून घेतला आणि वहीत उतरवली, की ती सगळ्यांना उद्देशून झाली, आणि सगळ्यांना उद्देशून ती खरी राहत नाही. फळ्याचं तेच झालं होतं. फळ्यासमोरून सहाशे पोरं जात होती, आणि बाईंच्या मनात सोमवारी एक पोरगं होतं, मंगळवारी दुसरं.

त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, 'मोठं हो, पण समाधानी राहा.'

वाचल्यावर स्वतःच वैतागल्या. 'पण' आला की वाक्याचा पुढचा भाग जिंकतो आणि मागचा नुसता सौजन्यापुरता उरतो. उलटं करून पाहिलं, 'समाधानी राहा, पण मोठं हो.' आता समाधान पाहुण्यासारखं दारात उभं राहिलं आणि मोठेपण सोफ्यावर बसलं. 'पण' काढून 'आणि' घातला, तर टोपी घाल आणि छत्री ने म्हटल्यासारखं वाटायला लागलं. दोन सूचना, एकमेकींशी काही नातं नाही.

गुरुवारी त्यांनी शब्द बदलून पाहिले. 'आस असावी, हाव नसावी.' स्टाफरूममध्ये सगळ्यांना आवडलं. गणिताचे मानस सर तर म्हणाले, ताई, एकदम झकास, हेच टाका. मानस सर दोन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेले. पहाटे भंवरकुआं भागातल्या एका कोचिंगमध्ये शिकवत, मग शाळा, मग संध्याकाळी पुन्हा कोचिंग. बायपासजवळ दोन प्लॉट घेतलेले, तिसऱ्याची बोलणी चालू. बाईंनी त्यांना सहज विचारलं, की सर, तुमचं यातलं कोणतं?

"माझी आस," मानस सर जराही न अडखळता म्हणाले. "हाव त्या कोचिंगवाल्याची."

तिथेच ओळ पडली. आपली ती आस आणि शेजाऱ्याची ती हाव, असं प्रत्येक जण वाटून घेणार, आणि कोणालाच काही टोचणार नाही. चांगल्या इच्छेला चांगला शब्द आणि वाईटाला वाईट शब्द दिला, की प्रश्न सुटल्यासारखा दिसतो, सुटत नाही. मात्र यातून बाईंना एक चाचणी सापडली. ओळ दोन माणसांना वाचून दाखवायची, एक मानस सर आणि दुसरे आपले अहो. दोघांपैकी एकाचाही चेहरा खुलला तर ओळ नापास.

अहो म्हणजे अशोक मुळ्ये. विजेच्या कंपनीत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. बढती दोनदा आली होती, एकदा जबलपूरला, एकदा शहडोलला. दोन्ही वेळा त्यांनी नम्रपणे नाही म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे फिरायला गेले. त्या दोन नकारांबद्दल चारुलताबाई इतकी वर्षं काही बोलल्या नव्हत्या. मनात मात्र त्या दोन्ही तारखा पाठ होत्या. स्वतः त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा द्यायची ठरवली होती. त्या परीक्षेचा फॉर्म कपाटात होता, भरलेला, फक्त पाठवायचा राहिलेला, आणि तो आता छापील शुल्कासकट जुना झाला होता. म्हणजे या विषयावर ओळ लिहिणाऱ्या बाईही काही निकाल देण्याच्या खुर्चीत बसलेल्या नव्हत्या, आणि हे त्यांना त्या आठवड्यात चांगलंच जाणवत होतं.

गुरुवारी रात्री जेवताना त्यांनी नवी ओळ वाचली. 'भरल्या पोटी लांब चालता येतं.' यावर त्या खूश होत्या. यात समाधान आणि महत्त्वाकांक्षा समोरासमोर उभी नव्हतीच. समाधान आधी येत होतं आणि त्याच्याच बळावर माणूस पुढे जात होता. 'पण' नाही, 'आणि' नाही.

अशोकरावांनी घास गिळला. "चारू, दाल-बाफले खाऊन कोणी चालल्याचं तू पाहिलंयस का? रविवारी आपण काय करतो?"

रविवारी ते काय करत ते सर्वांना माहीत होतं. तुपात बुडवलेले बाफले खाऊन झाले की एक ते चार घरात घोरण्याशिवाय आवाज नसे. बाईंनी ओळ खोडली. दृष्टांत घेतला की तो वाचणाऱ्याच्या गावचा असावा लागतो, आणि इंदूरमध्ये भरलेलं पोट कोणाला लांब नेत नाही.

शुक्रवारी त्यांनी हात घेतले. 'एका हातात आहे ते नीट धर, दुसरा मोकळा ठेव.' मधल्या सुट्टीत चार सहशिक्षकांना दाखवलं. एकीनं विचारलं, मोकळा म्हणजे रिकामटेकडा का? बरं, 'दुसरा पुढे कर' केलं, तर हात पुढे करणं म्हणजे मागणं झालं. 'दुसरा वर कर' म्हणावं, तर हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. 'दुसरा चालव' म्हटल्यावर क्रीडाशिक्षक हसले, कारण त्यांच्याकडे हात चालवल्याच्या तक्रारी आधीच येत होत्या. मराठीत हातानं करण्यासारखी एकही गोष्ट मोकळी उरलेली नाही, प्रत्येकीवर कोणीतरी आधीच अर्थ ठेवून गेलंय, असं म्हणून बाईंनी कागद चुरगळला. उद्या बंडू येणार होता.

त्याच दुपारी शेवटच्या तासाला अनुष्का देवळे ग्रंथालयात आली. फोटोंवरून घरी काहीतरी झालं असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक परत करायला आली होती. ते तिनं जूनपासून चौथ्यांदा नेलं होतं.

बाई तीन दिवसांच्या कावलेल्या होत्याच. त्यांनी सरळ विचारलं, की माझा फळा घरी कोणी दाखवला?

अनुष्कानं कबूल केलं. चाचणीत गणितात बेचाळीस आले होते. पप्पांनी भंवरकुआंच्या कोचिंगची दुसरी बॅच, रविवारचीसुद्धा, लावायची ठरवली. तेव्हा ती म्हणाली, की शाळेतच लिहिलंय, आहे ते पुरेसं म्हणावं. पप्पा म्हणाले, शाळेत सोमवारी दुसरंच लिहिलं होतं. तिथून भांडण फळ्यावर गेलं आणि फळ्यावरून ग्रुपवर.

"मग तुला बेचाळीस पुरेसे वाटतात?" बाईंनी विचारलं.

"हां मॅडम. म्हणजे, मॅथ्समध्ये पुरे."

"आणि कशात पुरे नाही?"

तिनं दप्तरातून एक शंभरपानी वही काढली. रविवारी सकाळी ती मोठ्या मामाबरोबर सिरपूरच्या तलावावर जात असे, म्हणून तर रविवारची बॅच नको होती. वहीत डाव्या बाजूला पाहिलेले पक्षी, तारखेसह, कुठे बसला होता, काय खात होता. उजव्या पानावर पेन्सिलनं, अजून न दिसलेले. डावीकडे एकसष्ट झाले होते. एक पान पुरतं भरलं की तिनं त्याच्या तळाशी छोटं चित्र काढलेलं होतं. ते पान दाखवताना तिचा चेहरा फुलला, आणि दाखवून होताच तिनं लगेच पान उलटलं आणि पुढचं कोरं दाखवून म्हणाली, "यात थंडीत येणारे येतील."

बाई त्या वहीकडे बघत राहिल्या. ही पोरगी गणितात समाधानी होती आणि पक्ष्यांत अधाशी. मंगळवारची ओळ तिनं आळसासाठी वापरली नव्हती, एका गोष्टीतून सुटून दुसरीकडे जायला वापरली होती. आणि पक्ष्यांच्या वहीत तर दोन्ही एकाच जागी होती. भरलेल्या पानाचा आनंद कोऱ्या पानाला अडवत नव्हता. आधी एक, मग दुसरं, एवढंच. तीन दिवस बाई त्या दोघांना एकाच क्षणी एका बाकावर बसवायचा प्रयत्न करत होत्या. म्हणून ते एकमेकांना ढकलत होते.

त्यांनी अनुष्काच्या समोरच लिहिलं, 'भरलेलं पान हसून बघ, मग उलट.'

'पण' नव्हता, 'आणि' नव्हता. 'मग' होता, आणि तो दोघांना पाळीपाळीनं जागा देत होता. 'बघ' गाळून नुसतं उलटता येणार नव्हतं, आणि बघत बसता येणार नव्हतं. 'भरलेलं' म्हटल्यामुळे कोऱ्या पानावर समाधान मानायची सोय राहिली नव्हती. दोन्ही कामं एकाच पानावर, म्हणून आपल्या सोयीचा अर्धा तोडून घेणंही कठीण.

घरी जाताना त्यांनी मानस सरांना वाचून दाखवलं. सर थांबले, गाडीची किल्ली हातात फिरवत म्हणाले, बघायला वेळ कुठे आहे ताई, आणि जरा ओशाळले. घरी अशोकरावांनी ऐकलं आणि विचारलं, उलटायलाच पाहिजे का? दोघांचेही चेहरे पडले. ओळ पास झाली.

शनिवारी बंडू पेंटर आला. इंदूरमध्ये तिसरी पिढी, घरी मराठी बोलणारा, लिहिणं सगळं हिंदीतलं. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, "बाई, भरलेलं पान म्हणजे मसाला पान का? शाळेच्या भिंतीवर चालेल?"

चारुलताबाईंनी डोळे मिटून घेतले. सुनीता मॅडम लगेच घाबरल्या. पानवाल्याची जाहिरात वाटेल, ग्रुपवर पुन्हा फोटो येतील, ओळ बदला म्हणाल्या. बाई म्हणाल्या, ओळ बदलणार नाही. मॅडमना त्यांचा इतका करडा आवाज बावीस वर्षांत कधी ऐकायला मिळाला नव्हता. शेवटी बाईंनी एका शब्दाची भर घातली, 'वहीचं'. त्यानं लय जराशी जड झाली, हे त्यांना कळत होतं. पान तोंडात जाण्यापेक्षा ते बरं. 'वहीचं भरलेलं पान हसून बघ, मग उलट.' बंडूनं दुपारपर्यंत निळ्या रंगात उतरवलं आणि पहिल्या दोन शब्दांवरचे अनुस्वार खाल्ले. बाईंनी त्याला पुन्हा शिडीवर चढवलं.

सोमवारी शाळा सुटताना लक्ष्मण देवळे भेटायला आले. भिंत वाचून आले होते. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांनी सांगितलं, की मी बारावीनंतर जे पहिलं मिळालं ते धरलं. पोरीनं तसं करू नये एवढंच आहे. मग भिंतीकडे बोट करून म्हणाले, ते सब ठीक आहे मॅडम, पण उलटायचं कोणतं पान, ते कुठे लिहिलंय?

चारुलताबाईंचा आठवडाभराचा वैताग त्या क्षणी शिगेला पोचला. चार दिवस घासून काढलेली ओळ, आणि माणूस तिला वेळापत्रक मागत होता. मग त्यांना वाटलं, की हा प्रश्न खरा आहे. ओळ कसं ते सांगते, कशाचं ते सांगू शकत नाही. तेवढं भिंतीवर लिहिता आलं असतं, तर घरात माणसांची गरज काय होती?

"तुम्ही अनुष्काची वही पाहिली आहे का?" त्यांनी विचारलं.

"गणिताची? रोज बघतो."

"दुसरी."

दुसरी असते हे त्यांना माहीत नव्हतं. अनुष्का बाहेर सायकलपाशी उभी होती. बाईंनी तिला आत बोलावलं, आणि टेबलावर वही उघडून स्वतः पुस्तकांच्या नोंदी करायला दुसरीकडे गेल्या. त्यांचं लक्ष अर्थात नोंदींत नव्हतं. लक्ष्मणराव पहिल्यांदा नुसती पानं चाळत होते. मग एका ठिकाणी थांबले आणि विचारलं, हा महूच्या आपल्या ऑफिसच्या मागे असतो तोच का, लांब चोचीचा? अनुष्का म्हणाली, तो नाही, पण जवळचा आहे, आणि दोघांच्या माना वहीवर वाकल्या.

त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढे दहा दिवस देवळ्यांच्या घरी बरीच वादावादी झाली, हे अनुष्का येता-जाता सांगत होती. जुलैच्या अखेरीस तिनं गणित सोडून जीवशास्त्र घेतलं. महूला पशुवैद्यकीचं कॉलेज आहे, आणि लक्ष्मणराव त्याच्या दारावरून रोज जात. फॉर्मबद्दलची माहिती त्यांनीच काढून आणली, कट-ऑफसकट. कोचिंग राहिलं, विषय बदलला, रविवार सुटला. आता कट-ऑफ पाहून अनुष्काच म्हणायला लागली, की शनिवारची दुसरी बॅचही लावते. पप्पा म्हणाले, जरा दमानं.

महिनाभराचं जीवशास्त्र तिला एकटीला भरून काढायचं होतं. ती रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून मैत्रिणीची वही उतरवत असे, एका हातानं लिहीत आणि दुसऱ्यानं डब्यातली शेव खात. चारुलताबाई दोनदा म्हणाल्या, की पुस्तकांवर तेलाचे डाग पडतात, डबा बाहेर खा. तिसऱ्यांदा त्यांनी तिच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून दिलं. मग त्या आपल्या जागेवर गेल्या, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पदव्युत्तर परीक्षेचं पान उघडलं, आणि वयाची अट कुठे लिहिली आहे ते शोधत, सरकारी संकेतस्थळं बनवणाऱ्यांना मनातल्या मनात बोल लावत बसल्या.